पश्चिमेची खिडकी आणि नऊ ते सहा

माझ्या भाचीने पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा छोट्या बेडरूमला तिने लगेच ऑफिस करून टाकलं. खोली दहा बाय अकरा. पश्चिमेच्या दहा फुटी भिंतीत बरोबर मधोमध पाच फूट रुंद, चार फूट उंच खिडकी. टेबल अर्थातच खिडकीला लावलं, कारण समोर गुलमोहर दिसतो. दोन महिन्यांनी तिचा फोन आला, "मावशी, दुपारपर्यंत डोकं चढतं गं. नंबर वाढलाय बहुतेक."

चष्म्याचा नंबर होता तोच होता. मी इंटिरियरची कामं करते, त्यामुळे घरी गेल्यावर आधी तिच्या खुर्चीत बसले. सकाळचे साडेनऊ वाजले होते. ऊन खिडकीत नव्हतंच, ते गुलमोहराच्या पलीकडच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवर होतं. लॅपटॉपचा पडदा साधारण अडीचशे-तीनशे निट्सचा असतो. सकाळचं ऊन पडलेली पांढरी भिंत सहज दहा हजारांच्या आसपास जाते. म्हणजे पडद्यामागे पडद्याच्या तीसेक पट उजळ भिंत, आणि डोळा दिवसभर या दोहोंमध्ये हेलकावे खातो. पश्चिमेची खिडकी फक्त संध्याकाळी छळते असं आपण धरून चालतो, पण समोर इमारत असेल तर तिची सकाळही तापदायक असते. खात्री करायला सोपी युक्ती आहे. पडद्याकडे बघत असताना हाताचा पंजा खिडकीच्या आड धरायचा. डोळ्यांना हायसं वाटलं तर दोष खिडकीचा.

तिने आपल्या परीने उपाय केलेच होते. आधी टेबल उलटं फिरवून खिडकी पाठीशी घेतली. मग पडद्यात अख्खी खिडकी दिसू लागली आणि मीटिंगमध्ये तिच्या चेहऱ्याची काळी आकृती. शेवटी जाड काळा पडदा लावला, आणि भर दुपारी ट्यूबलाइट. काचेला काळी फिल्म लावायचंही चाललं होतं, ते मी थांबवलं. फिल्म मे महिन्यात जेवढा उजेड अडवते तेवढाच जुलैतही अडवते, आणि पुण्याच्या जुलैत अडवायला उजेड असतो कुठे?

ऊन आणि उजेड असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, पण खिडकी बघताना आपण ते एकच समजतो. टेबलावर हवा असतो तो आभाळाचा उजेड. कामाला तीनशे ते पाचशे लक्स पुरतात आणि उघड्या आभाळाखालची खिडकी तेवढे दिवसाचा बराच वेळ देते. सूर्याची थेट तिरीप मात्र टेबलावर त्याच्या शंभर पटीपर्यंत जाते.

मग टेबल कुठे ठेवायचं? खिडकी समोर नको, पाठीशी नको, म्हणजे कुशीला, इथवर कोणीही सांगेल. पण या खोलीत कुशीच्या भिंती दोन, उत्तरेची आणि दक्षिणेची. त्यातली निवड सूर्य करतो.

पुणे 18.5 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात इथे सूर्य नैर्ऋत्येकडे कलून मावळतो, जूनमध्ये वायव्येकडे. दोन्ही टोकांत जवळपास पन्नास अंशांचा फरक. डिसेंबरात दुपारी चार वाजता तो पश्चिमेपासून अडतीस अंश दक्षिणेला असतो, त्यामुळे खिडकीतून आलेलं ऊन तिरकं जाऊन उत्तरेच्या भिंतीवर आदळतं. दक्षिणेच्या भिंतीशी, खिडकीपासून चार फूट आत बसलेल्या माणसाला ते शिवतही नाही. मार्चअखेर मात्र सूर्य थेट पश्चिमेला येतो आणि मे महिन्यात पाच वाजता चौदा अंश उत्तरेला सरकलेला असतो. तेव्हा दक्षिणेच्या टेबलावरही ऊन येतं.

म्हणजे उत्तरेच्या भिंतीशी बसलं तर ऑक्टोबर ते मार्च दुपारी तीननंतर त्रास, दक्षिणेच्या भिंतीशी बसलं तर एप्रिल-मे आणि पाऊस लांबला तर जूनचा थोडा भाग. नंतर ढग येतातच. आम्ही दक्षिण घेतली. भाचीने शंका काढली की उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा. खरं आहे, वहीवर हाताची सावली पडते. पण ती दिवसात किती ओळी हाताने लिहिते? किराण्याची यादी, बस.

खिडकीवर दोन फुटांचा छज्जा आहे, मग ऊन आत येतंच कसं, असं तिच्या सासऱ्यांनी विचारलं. दक्षिणेच्या खिडकीला तो छज्जा छान पुरतो, कारण तिथे सूर्य माथ्याच्या जवळून जातो. मार्चच्या दुपारी चार फुटी खिडकी पूर्ण सावलीत असते. पश्चिमेला मे महिन्यात पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम सत्तावीस अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा तेव्हा खिडकीचा वरचा एक फूट झाकतो, खालच्या तीन फुटांतून ऊन सरळ आत. त्यात आपलं घड्याळ. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण बारा पस्तीसला, नागपूरला बारा चौदाच्या सुमारास. साडेनऊ ते साडेसहा काम करणाऱ्या पुणेकराच्या वाट्याला पश्चिमेचं ऊन वीस मिनिटं जास्त.

त्या दोनअडीच महिन्यांसाठी खिडकीला काहीतरी हवंच होतं. चिकाचा पडदा बाहेरून लावणं सर्वांत उत्तम, कारण ऊन काचेबाहेरच अडतं आणि खोली तापत नाही. पण तिसऱ्या मजल्यावरचा वारा आणि सोसायटीचे नियम आड आले. पातळ पांढरा पडदा मी लावू दिला नाही. त्यावर ऊन पडलं की तो स्वतःच दिव्यासारखा पेटतो. शेवटी आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स घेतले. पट्टीची बाहेरची कड खाली झुकवायची, ऊन थांबेल इतकीच. त्याहून जास्त झुकवली की उजेडही जातो.

एक तोटा राहिलाच. मीटिंगमध्ये तिचा उजवा गाल उजळ आणि डावा सावलीत दिसतो. तिने ते चालवून घेतलं आहे.

हे सगळं सप्टेंबरात झालं. डिसेंबरात पुन्हा फोन. चार वाजले की पडद्यात डोक्याच्या जागी पांढरा डाग! मी तिला लॅपटॉप बंद करून त्याच्या काळ्या पडद्यात बघायला सांगितलं. बंद पडदा म्हणजे आरसाच, त्यात जे चमकताना दिसतं तेच चालू पडद्यावर धुरकट होऊन बसतं. तिने पाहिलं आणि हसायला लागली. तिच्या पाठीमागे, उत्तरेच्या भिंतीशी, चकचकीत सनमायक्याचं पांढरं कपाट होतं. जमिनीपासून चार फुटांपर्यंत त्यावर हिवाळ्याचं ऊन पडलं होतं, खुर्चीतल्या डोक्याच्या नेमक्या उंचीला. ज्या भिंतीवरून आम्ही टेबल वाचवलं होतं तिनेच ते परत पाठवलं होतं.

कपाट हलवायला जागा नव्हती. सनमायका बदलायचा खर्च तिने दिवाळीवर ढकलला, पुढच्या. तोवर दाराच्या मुठींना आईची जुनी इरकल टांगली आहे, जांभळी, काठ खाली. फेब्रुवारीअखेर काढायची, ऑक्टोबरात परत लावायची.