फोटोतला चष्मा काढताना

आजोबांचा भिंतीवर लावायचा फोटो घेऊन घरचे स्टुडिओत येतात आणि म्हणतात, "तेवढा चष्मा काढून द्या." जाड काळी फ्रेम, मायनस चार नंबर, एका काचेवर फ्लॅशची पांढरी चमक. यात फ्रेम खोडणं सोपं. खरं अवघड काम काचेच्या आत असतं. मायनसच्या काचेतून डोळा लहान दिसतो, चार नंबरला साधारण पाच टक्क्यांनी. कानशिलाजवळ चेहऱ्याची कडही काचेत आत सरकलेली दिसते. नुसती फ्रेम पुसली तर तिथे खाच पडल्यासारखी दिसते. म्हणून आधी काचेतला भाग तेवढाच मोठा करायचा आणि चेहऱ्याची रेषा काचेच्या वरच्या-खालच्या रेषेला जुळेपर्यंत बाहेर ओढायची. प्लसच्या चष्म्यात सगळं उलट.

फ्रेमसाठी फोटोशॉपमध्ये रिकामी लेयर घेऊन क्लोन स्टँपने लगतची त्वचा आणतात. सुरुवातीलाच हीलिंग ब्रश फिरवला तर काळ्या कडेचा रंग त्वचेत मिसळून मळकट डाग पडतो. तो शेवटी, सांधे मिटवण्यापुरताच वापरावा. डोळ्याखालची त्वचा पातळ आणि बारीक सुरकुत्यांची असते, तिथे कपाळाची त्वचा लावली की ठिगळ उठून दिसतं. गालावर पडलेली फ्रेमची सावलीही काढावी लागते, आणि नेमकी तीच बऱ्याचदा राहून जाते. नाकावर पॅडचे दोन खळगे असतात. त्यांची गडद बाजू उजळ आणि उजळ बाजू थोडी गडद केली की ते भरून येतात. मी मात्र ते पूर्ण बुजवू नयेत या मताची आहे. वर्षानुवर्षं चष्मा लावलेल्या नाकावर ती खूण चष्मा काढल्यावरही असते आणि घरच्यांना ती ओळखीची असते.

चमकेखालच्या डोळ्याचं फोटोत काहीच उरलेलं नसतं. मग दुसरा डोळा उचलून उलटा करून बसवतात, आणि आजोबा तिरळे दिसू लागतात. कारण नजर किंचित डावीकडे असली तर उलटवलेला डोळा उजवीकडे बघतो. खिडकीच्या उजेडाचा ठिपका दोन्ही बुबुळांवर एकाच बाजूला असतो, उलटवल्यावर तोही विरुद्ध बाजूला जातो. यावर उपाय असा की पापण्या तेवढ्या उलटवून घ्यायच्या, बुबुळ ठिपक्यासकट न उलटवता बसवायचं. डोळ्याचा पांढरा भाग अगदी पांढरा ठेवायचा नाही. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलीच पाहिजे, नाहीतर डोळा वटारलेला वाटतो.

म्हातारपणी दोन पापण्या सारख्या नसतात, एक जास्त उतरलेली असते. म्हणून बिनचष्म्याचा दुसरा फोटो, अगदी लग्नाच्या अल्बममधला छोटासा असला तरी, मागून घ्यावा. तोही नाही आणि चमक दोन्ही डोळ्यांवर आहे, तर चांगला कारागीर हे काम घेत नाही. कारण मग बसतील ते डोळे दुसऱ्याच कुणाचे तरी असतील.

झालेलं काम तपासताना फोटो आडवा उलटवून बघावा, चुकलेली नजर लगेच कळते. नवी त्वचा बाजूच्यापेक्षा गुळगुळीत दिसली तर तिच्यावर थोडी नॉइज टाकून बाकीच्या फोटोसारखा कण आणावा.

व्हिसाच्या फोटोवर मात्र हे करू नये. अमेरिकेच्या व्हिसासाठी 1 नोव्हेंबर 2016 पासून चष्म्याचा फोटो सहसा चालत नाही, आणि असा दुरुस्त केलेला फोटोही चालत नाही. तिथे चष्मा काढून नवीन फोटोच काढावा लागतो.