“सर, ऑफसेट देऊ का?”

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९६९ साली मांडलेल्या विचाराला ‘सिच्युएशनल लीडरशिप’ म्हणतात. साहेबाची एकच ठरलेली पद्धत नसावी. समोरच्याला ते काम कितपत येतं आणि ते जमेल असा भरवसा त्याला स्वतःला किती आहे, हे पाहून पद्धत बदलावी. पुढे ब्लँचर्ड यांनी या प्रवासाचे चार टप्पे नेमके केले. त्यांतले मधले दोनच खरे अवघड.

समजा, आयटीआय झालेला एक मुलगा सीएनसी मशीनवर नवा लागला. अ‍ॅल्युमिनियमच्या नगाला २५ मिलिमीटरचा बोअर, वर ०.०२ची सूट, खाली काहीच नाही. पहिल्या आठवड्यात उत्साह भरपूर, माहिती शून्य. इथे साहेबाने सरळ सांगावं: दर पाचव्या नगाला माप घे, वहीत लिही, ऑफसेटला हात लावू नकोस. यात त्याला अपमान वाटत नाही, उलट हायसं वाटतं.

महिन्याभरात तो स्वतः ऑफसेट देऊ लागतो आणि एक दिवस वीस नग बाद होतात. मशीनवरून उतरलेल्या गरम नगालाच त्याने बोअर गेज लावली होती. माप बरोबर दिसलं, पण नग निवल्यावर बोअर आकसला. आता त्याचा धीर सुटतो. बहुतेक सुपरवायझर इथे त्याच्या हातातलं काम काढून घेतात, नाहीतर “होतं असं, जमेल” म्हणत निघून जातात. त्याला हवं असतं कारण. तोच नग गरम असताना आणि निवल्यावर त्याच्याकडूनच मोजून घ्यावा, पुढे काय करशील ते विचारावं, पण निर्णय अजून साहेबानेच द्यावा.

पुढचा टप्पा फसवा. आता त्याचा हिशोब चुकत नाही, तरी दर वेळी तो विचारायला येतो, “सर, ऑफसेट देऊ का?” साहेब “दे” म्हणतात, आणि विचारत येण्याची सवय पक्की होते. काहीजण तर त्याला पुन्हा ट्रेनिंगला बसवतात! खरं तर “तुझा आकडा काय?” एवढं विचारून त्याच्याच आकड्यावर मशीन चालवू द्यावं. असे काही आठवडे गेले की चौथा टप्पा येतो: काम सोपवायचं आणि आठवड्याला रिजेक्शनचा तक्ता पाहायचा.

टप्पा माणसाचा नसतो, कामाचा असतो. याच मुलाला उद्या प्रोग्रॅम लिहायला बसवलं, तर तो पुन्हा पहिल्या टप्प्यावर येतो. चांगला ऑपरेटर बढतीनंतर अडखळतो, तो अनेकदा इथेच.

सिद्धांताला मर्यादाही आहेत. रॉबर्ट वेक्कियो यांनी १९८७ साली शाळेतल्या शिक्षकांवर तो तपासला, तेव्हा नवख्यांच्या बाबतीत तो बराच लागू पडला, अनुभवींच्या बाबतीत तितका नाही. शिवाय आत्मविश्वास मोजायला गेज नाही. गप्प राहणारा घाबरलेलाच असेल असं नव्हे. त्यापेक्षा तो काय विचारतो ते ऐकावं: “कसं करू?” आणि “करू का?” या दोन प्रश्नांना एकच उत्तर चालत नाही.