मुद्द्यांचा निबंध होताना

नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्याचा एखादा विद्यार्थी मिरची वाळवण्यावर निबंध लिहितो आहे, असे समजू. हाती असलेल्या स्लाइडवर तीनच मुद्दे आहेत: ओलावा १० टक्के, बुरशी, अवकाळी पाऊस. पुष्कळदा प्रत्येक मुद्द्याचे एक वाक्य होते आणि मध्ये ‘तसेच’ येते. याला आम्ही निबंध म्हणत नाही. मुद्द्यांमधले नाते स्लाइडवर नसते. ते बोलणाऱ्याने तोंडी सांगितलेले असते.

म्हणून दर दोन मुद्द्यांमध्ये ‘का?’ असे विचारावे. मग परिच्छेद असा होतो: “पथारीवर पसरलेली लाल मिरची सुमारे १० टक्के ओलावा उरेपर्यंत वाळवतात, कारण ओलसर राहिलेल्या मिरचीवर बुरशी वाढते. त्यामुळेच अवकाळी पाऊस आला, तर वाळत आलेली मिरचीही भिजून धोक्यात येते.” पुढचा परिच्छेद हाच धागा उचलतो: “हा धोका टाळायचा, तर…”

तपासणी सोपी आहे. वाक्यांची अदलाबदल करून पाहावी. अर्थ बिघडला नाही, तर सांधा जुळलेलाच नाही. मात्र ‘का?’चे उत्तर ठाऊक नसेल, तर ‘म्हणून’ घालून ते झाकू नये, पुस्तक उघडावे.