दिवसाला किती घरं? सर्वेक्षणाचा खर्च इथूनच ठरतो

एखाद्या जिल्ह्यात ६० गावांतल्या प्रत्येकी २० अशा १,२०० कुटुंबांची पाहणी करायची आहे, असं धरू. खर्चाचा कागद मांडताना बहुतेक जण आधी पगाराचे दर विचारतात. खरं तर पहिला प्रश्न असा हवा : एक प्रगणक दिवसाला किती प्रश्नावल्या पूर्ण करेल?

प्रश्नावलीला पाऊण तास लागतो, म्हणून दिवसाला आठ होतील असं कार्यालयात बसून वाटतं. पण दुपारी माणसं शेतात असतात, घराला कुलूप असतं, एसटी चुकते. चार होतील असं धरलं, तर ३०० मनुष्यदिवस लागतात. मानधन, प्रवास आणि जेवण मिळून रोजचे १,१०० रुपये धरले, तर ३ लाख ३० हजार होतात. दहा प्रगणकांचं हे तीस दिवसांचं काम. त्यांच्यावर दोन पर्यवेक्षक, रोज दीड हजारांप्रमाणे, म्हणजे आणखी ९० हजार.

आता चारऐवजी तीनच प्रश्नावल्या झाल्या तर? दिवस ३०० वरून ४०० होतात आणि या दोन रकमांतच १ लाख ४० हजारांची भर पडते. हे आधी कळावं म्हणून पूर्वचाचणी. निवडलेल्या ६० गावांबाहेरच्या एखाद्या गावात चार प्रगणक आणि एक पर्यवेक्षक तीन दिवस पाठवायला याच दरांनी १७,७०० रुपये पुरतात. कुठला प्रश्न लोकांना कळत नाही, तेही तिथेच समजतं.

कागदी प्रश्नावली संगणकावर भरायला प्रत्येकी २५ मिनिटं लागली, तर ५०० तास होतात. चुका पकडण्यासाठी दोघांनी स्वतंत्रपणे भरायची, तर हजार. टॅबलेट वापरले की हा खर्च वाचतो, पण यंत्रं आणि प्रोग्रॅमिंग यांचा खर्च वाढतो.

पैसे कमी पडले की कात्री सहसा पर्यवेक्षणावर चालते. तिथेच घात होतो. 'घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का?' याला 'हो' म्हटलं की पुढे प्रश्नांची रांग लागते. थकलेला प्रगणक साडेचार वर्षांच्या मुलाचं वय पाच लिहून मोकळा होतो. मग गोळा झालेल्या माहितीत चार वर्षांची मुलं कमी आणि पाच वर्षांची जास्त दिसतात. पर्यवेक्षकाने दहा टक्के, म्हणजे १२० घरी पुन्हा जाऊन मोजकेच प्रश्न विचारले, तर हे वेळीच उघड होतं.

काटकसर करायचीच असेल, तर कुटुंबं कमी करावीत. १,२०० ऐवजी १,१०० घेतली, तर नमुन्यामुळे येणारी त्रुटी साधारण साडेचार टक्क्यांनीच वाढते, म्हणजे ती ३ असेल तर ३.१३ होते. प्रगणकांचे २५ दिवस, म्हणजे २७,५०० रुपये वाचतात. ही त्रुटी निदान मोजता येते. खोटं लिहिलेलं वय मात्र कुठल्याच सूत्राने दुरुस्त होत नाही.