पर्केल की सॅटीन? सुती चादरींविषयीचे चार गैरसमज

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डिसेंबरात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात रात्री शेकोटी लागते. त्यामुळे चादर घेताना ‘शंभर टक्के कॉटन’ एवढाच शिक्का पाहून भागत नाही. वीणही पाहावी लागते.

गैरसमज : सॅटीन म्हणजे रेशमी किंवा पॉलिस्टरचे कापड.
वस्तुस्थिती : सॅटीन हा विणण्याचा प्रकार आहे, त्यामुळे सुती सॅटीनही निखळ कापसाचे असू शकते. पर्केलमध्ये धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून जातो. सॅटीनमध्ये तो साधारण चार धाग्यांवरून मोकळा जाऊन पाचव्याखाली शिरतो. या मोकळ्या धाग्यांवरून उजेड परावर्तित होतो आणि चादर तुकतुकीत दिसते. चादर उलटून पाहा : सॅटीनची मागची बाजू फिकी असते, पर्केल दोन्हीकडून सारखेच असते.

गैरसमज : सुती चादर कोणतीही असो, उन्हाळ्यात थंडच.
वस्तुस्थिती : सॅटीनमध्ये धागे जास्त दाटीने बसवता येतात, म्हणून ते सहसा वजनदार होते. मऊपणामुळे ते अंगालगत पडते आणि ऊब धरते. पर्केल कडक असल्याने अंगाला चिकटत नाही, मधून हवा खेळते. कूलरची दमट हवा खोलीत भरलेली असते तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. गडचिरोलीच्या थंडीत मात्र सॅटीन बरे.

गैरसमज : चुरगळते ते हलक्या प्रतीचे.
वस्तुस्थिती : धागे जागोजागी एकमेकांत अडकलेले असल्याने पर्केलची घडी मोडते, पण त्याचा कडकपणाही त्यातूनच येतो. अजिबात न चुरगळणारी ‘सुती’ चादर दिसली, तर तिच्यात पॉलिस्टर मिसळले आहे का किंवा तिच्यावर रासायनिक प्रक्रिया झाली आहे का, हे विचारा.

गैरसमज : थ्रेड काउंट जेवढा मोठा, तेवढी चादर टिकाऊ.
वस्तुस्थिती : थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातल्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज. इंचात १५० उभे आणि १५० आडवे धागे असतील, तर काउंट ३००. पण प्रत्येक धागा दोन पदरांचा असेल आणि पदर सुटे मोजले, तर तीच चादर ६०० ची म्हणून विकता येते. टिकण्याचा प्रश्न निराळा. सॅटीनचे मोकळे धागे जोडव्यात, भेगाळलेल्या टाचेत किंवा खाटेच्या खिळ्यात अडकून उपसतात, आणि घासून त्यांवर बारीक गोळेही येतात. पर्केलचा धागा पावलोपावली दाबून धरलेला असतो. म्हणून धागा सारख्याच प्रतीचा असेल, तर रोजच्या धुण्यात पर्केल सहसा जास्त तग धरते आणि प्रत्येक धुण्यागणिक थोडे मऊ होत जाते.

एकच जोड घ्यायची असेल, तर चंद्रपूरच्या उन्हाळ्यासाठी २०० ते ३०० काउंटचे पर्केल पुरे. सॅटीन घेतलेच, तर धुताना उलटे करा आणि जीन्स, चेन असलेल्या कपड्यांपासून वेगळे ठेवा.