पगारदारांचं विवरणपत्र: कागद आधी जुळवा

मुदत: आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ३१ जुलै २०२६. नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर मुदतीतच निवडावी लागते. उशिरा भरलेल्या विवरणपत्रात ती मिळत नाही, म्हणजे घरभाड्याची सवलतही जाते.

घरभाडं, सोलापूरचा हिशेब: तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त. समजा, मूळ पगार महिना ३०,००० (महागाई भत्ता नाही), घरभाडे भत्ता ९,००० आणि प्रत्यक्ष भाडंही ९,०००.

- वर्षाचा भत्ता: १,०८,०००
- मूळ पगाराचे ४० टक्के: १,४४,००० (मुंबईत ५० टक्के, सोलापुरात ४०)
- भाडं वजा मूळ पगाराचे १० टक्के: ७२,०००

करमुक्त ७२,००० रुपये. वर्षाचं भाडं एक लाखावर असल्याने कार्यालयाला घरमालकाचा पॅनही द्यावा लागतो.

जवळ ठेवा:

- फॉर्म १६. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्हीकडचा.
- २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण (एआयएस). फॉर्म १६ मधली करकपात इथे दिसत नसेल, तर आधी कार्यालयाच्या लेखा विभागाला विचारा.
- सर्व बँक खात्यांचे व्याजाचे दाखले. ठेवीचं व्याज बहुतेकदा इथेच राहून जातं.
- पॅन, आधार, परताव्यासाठी बँक खातं.
- जुन्या प्रणालीसाठी: भाडेपावत्या, भाडेकरार, विमा व भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या, गृहकर्जाचा दाखला.

विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी त्यासाठी चालतो.