गरोदरपणातली खाज : खालची कोणती आणि तळहाता-तळपायांची कोणती?

आजचा विषय आपण चारचौघीत काढत नाही. सातवा महिना सरला की बऱ्याच जणींना खाली, म्हणजे लघवीच्या आणि अंगावरून जाण्याच्या जागेला, खाज सुटते. बाई दिवसभर अवघडून बसते, रात्री कूस बदलत राहते, पण नवऱ्याला सांगत नाही आणि नर्सबाईंनाही सांगत नाही. ही खाज त्रासाची असली तरी बहुतेक वेळा आठवडाभराच्या साध्या औषधाने जाते. पण याच महिन्यांत आणखी एक खाज येऊ शकते, तळहातांना आणि तळपायांना. ती अंगावर घालवायची नसते. या दोन्ही खाजा वेगळ्या कशा ओळखायच्या, ते आज नीट बघू.

आधी खालची खाज. गरोदरपणात शरीरातले संप्रेरक वाढतात, त्यामुळे योनिमार्गात एक प्रकारची साखर जास्त साठते. बुरशीचे जंतू बऱ्याच निरोगी बायकांच्या अंगात थोड्या प्रमाणात असतातच. त्यांना ही साखर मिळाली की ते वाढतात. मग घट्ट, पांढरं, दही फुटल्यासारखं अंगावरून जायला लागतं. त्याला घाण वास नसतो. बाहेरची कातडी लाल होते, सुजते, आणि लघवी तिथे लागली की चुरचुरतं. यात बाईच्या स्वच्छतेचा दोष नाही आणि चारित्र्याचा तर मुळीच नाही. पोटातल्या बाळालाही सहसा काही होत नाही.

यावर गरोदर बाईला चालणारं औषध म्हणजे क्लोट्रिमॅझोलची गोळी. ही गिळायची नाही, योनिमार्गात ठेवायची. साधारणपणे १०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज रात्री, अशा सात रात्री डॉक्टर सांगतात. बाहेरच्या कातडीला त्याच औषधाचं मलम पातळ लावायचं. गोळी ठेवण्याआधी नखं कापा आणि हात साबणाने धुवा. पाठीवर निजून गुडघे दुमडा आणि गोळी बोटाने हलकेच आत सरकवा. काही पाकिटांत प्लॅस्टिकची नळी येते. गरोदरपणात ती न वापरता बोटानेच ठेवलेलं बरं. सकाळी थोडं पांढरं चोथ्यासारखं बाहेर येतं, ते औषधच असतं. घाबरू नका.

चूक होते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. खाज थांबते आणि बाई गोळ्या कपाटात ठेवून देते. पंधरा दिवसांनी खाज परत येते. म्हणून बरं वाटलं तरी सात रात्री पुऱ्या करायच्या. काही पाकिटांत सहाच गोळ्या असतात, तेव्हा सातवी मागून घ्या. अंगावरून रक्त जात असेल किंवा पाणी गेल्यासारखं वाटत असेल तर मात्र आत काहीही न ठेवता थेट दवाखाना गाठा.

काही गोष्टी टाळायच्या. याच त्रासासाठी तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल नावाची एक गोळी मिळते. गरोदर नसलेल्या बाईला ती देतात, गरोदर बाईने ती मनाने घ्यायची नाही. म्हणून मेडिकलच्या दुकानात औषध मागताना नुसतं 'खाजेची गोळी द्या' म्हणू नका, 'आठवा महिना चालू आहे' हे आधी सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे तीन-चार औषधं एकत्र केलेलं खाजेचं मलम. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लावल्यावर दोन दिवस गार वाटतं, पण बुरशी आतून पसरत राहते आणि नाजूक कातडी पातळ होते. डेटॉलचं पाणी, तुरटी, लिंबू, लसूण यांतलं काहीही तिथे लावायचं नाही. तिथे साबणही नको. साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करा आणि चड्डी उन्हात वाळवा. खाज फारच असेल तर गार पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं दहा मिनिटं ठेवलं तरी आराम पडतो.

सात रात्री पुऱ्या होऊनही खाज राहिली, किंवा पुन्हा पुन्हा होऊ लागली, तर रक्तातली साखर तपासून घ्यायची. गरोदरपणातल्या मधुमेहात बुरशी लवकर वाढते. आरोग्य केंद्रात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर पुढचे उपचार लागतात. अंगावरून हिरवट-पिवळं किंवा माशासारख्या वासाचं जात असेल, किंवा खाली फोड, जखमा असतील, तर ते दुखणं वेगळं आणि त्याचं औषधही वेगळं. तिथे ही गोळी उपयोगाची नाही. डॉक्टरांना दाखवूनच औषध घ्या.

आता दुसरी खाज. ती कशी समोर येते, यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एका ताईला ३३वा आठवडा चालू आहे. तिला खाली खाज होती, नर्सबाईंनी तपासून गोळ्या दिल्या आणि चौथ्या दिवशी बरं वाटलं. पण सहाव्या रात्री तळपाय खाजायला लागले, मग तळहात. दिवसा थोडं कमी, रात्री इतकं की ती उठून गार फरशीवर पाय ठेवून बसते. सासूबाई म्हणतात, "बाळाला केस आलेत, म्हणून खाजतंय." जाऊबाई म्हणतात, "उष्णता झाली, सब्जा पी." आणि ताईला वाटतं की खालचीच खाज अंगभर पसरली.

या तिघींचंही बरोबर नाही. बुरशीची खाज खालून निघून तळहातापर्यंत जात नाही. बाळाच्या केसांचा आणि आईच्या खाजेचा संबंध नाही. इथे बघायचं ते कातडीकडे. अंगावर पित्त उठतं तेव्हा गांधी येतात. खरजेत बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ येतं आणि घरातल्या इतरांनाही खाज असते. पोट ताणल्याची खाज पोटावरच असते. पण या ताईच्या तळहातावर ना पुरळ, ना गांधी. आहेत ते फक्त तिच्याच नखांचे ओरखडे. पुरळ नसलेली, तळहाता-तळपायांची, रात्री वाढणारी खाज म्हणजे लिव्हरची, म्हणजे यकृताची, तपासणी करायची खूण.

होतं असं की यकृतात पित्तरस तयार होतो आणि तो आतड्यात उतरून अन्न पचवायला मदत करतो. काही गरोदर बायकांमध्ये, बहुतेक वेळा सातव्या महिन्यानंतर, संप्रेरकांमुळे हा रस यकृतातून नीट पुढे सरकत नाही. त्यातली आम्लं रक्तात उतरतात आणि खाज सुटते. कधी लघवी गडद होते, संडास पांढुरका होतो. डोळे पिवळे होतीलच असं नाही. म्हणून 'कावीळ दिसत नाही, मग लिव्हरचं कसं असेल?' असं म्हणून थांबायचं नाही. आईच्या किंवा बहिणीच्या बाळंतपणात असं झालं असेल, किंवा पोटात जुळी असतील, तर ही शक्यता वाढते.

आईसाठी हा त्रास झोप उडवणारा असतो, पण खरी काळजी बाळाची असते. पित्ताची आम्लं फार वाढली तर बाळ वेळेआधी जन्मू शकतं आणि क्वचित पोटातच दगावू शकतं. हा धोका सगळ्यांना सारखा नसतो. तो किती आहे हे रक्ताच्या तपासणीवरूनच कळतं, खाज किती आहे यावरून कळत नाही.

म्हणून या ताईने दुसऱ्या दिवशीच आशाताईंना सांगायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी असते, पण तिची वाट बघायची नाही. दवाखान्यात दोन तपासण्या मागायच्या: लिव्हर फंक्शन टेस्ट आणि बाइल ॲसिड. पहिली सरकारी दवाखान्यांतून होऊ शकते, दुसरीसाठी रक्त अनेकदा मोठ्या लॅबला पाठवावं लागतं.

समजा तिचा बाइल ॲसिडचा आकडा ५२ आला. साधारणपणे १९च्या खाली असेल तर ठीक धरतात. ४० ते ९९ असेल तर रक्त पुन्हा पुन्हा तपासतात आणि ३८ ते ३९ आठवड्यांच्या सुमारास कळा आणून बाळंतपण करावं का, याचा विचार करतात. १०० किंवा त्याहून जास्त आला तर धोका खरोखर वाढतो. अशा शंभर बायकांमध्ये साधारण तिघींचं बाळ पोटात जातं. म्हणून त्यांचं बाळंतपण ३५-३६ आठवड्यांतच करायचा विचार होतो. ताईचा आकडा ५२ आहे, म्हणजे घाबरायचं नाही पण घरीही बसायचं नाही. दर आठवड्याला रक्त तपासायचं, आणि बाळंतपण डॉक्टर व ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यातच करायचं, घरी नाही.

पहिली तपासणी चांगली आली तरी विषय संपत नाही. कधी खाज आधी येते आणि रक्तातला फरक नंतर दिसतो. खाज चालू असेल तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं.

खाजेसाठी डॉक्टर उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात. तिने काहींना थोडा आराम पडतो, पण बाळाचा धोका तिने टळतो असं नाही. म्हणून गोळी चालू असली तरी तपासण्या चुकवू नका. कॅलामाइन लोशन, गार पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे यांनी रात्र जरा सुसह्य होते. काविळीची माळ घालण्यात किंवा झाडपाल्याचं औषध पिण्यात दिवस घालवू नका, कारण या आजारात महत्त्वाचे असतात ते दिवसच.

काही वेळा मात्र उद्याचीही वाट बघायची नाही. बाळाची हालचाल कमी वाटली, डोळे पिवळे झाले, खूप उलट्या झाल्या, ताप आला, बरगडीखाली उजवीकडे दुखलं, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच वेळी १०२ किंवा १०८ला फोन करून दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर ही खाज काही दिवसांत जाते, यकृतही सहसा पूर्ववत होतं. तरी सहा आठवड्यांच्या सुमारास एकदा रक्त तपासून घ्यायचं. पुढच्या खेपेला हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून नाव नोंदवतानाच सांगायचं. पाळणा लांबवण्यासाठी माला-एनसारखी गोळी सुरू करण्याआधीही नर्सबाईंना ही गोष्ट सांगायची, कारण त्या गोळीतही तसलंच संप्रेरक असतं.

तुमच्या बचत गटात कोणाला सातवा, आठवा, नववा चालू असेल, तर बैठकीनंतर तिला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचारा. खाज कुठे आहे? तिथे पुरळ दिसतं का? रात्री वाढते का? खाज फक्त खाली असेल आणि दह्यासारखं जात असेल, तर तिला नर्सबाईंकडे न्या आणि सात रात्रींचं औषध पुरं करायला सांगा. तळहात-तळपाय खाजत असतील, पुरळ नसेल आणि रात्र जागून निघत असेल, तर दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला तिच्यासोबत जा.